क्युबिक स्प्लाइन: अंतर निम्मं केलं तरी एरर सोळापट का घटत नाही?

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग आणि एमएस्सीच्या मुलांचे स्प्लाइनचे आलेख माझ्याकडे येतात, आणि तक्रार जवळजवळ ठरलेली असते. पुस्तक सांगतं की नोडमधलं अंतर निम्मं केलं की एरर सोळापट कमी व्हायला हवी. यांच्याकडे ती चारपटच कमी होते, कधी दुप्पट. मग कोड पुन्हा लिहिला जातो, समीकरणं पुन्हा सोडवली जातात, आकडा मात्र तिथेच. बहुतेक वेळा कोड बरोबर असतो. चुकलेली असते टोकाची अट, आणि ती निवडली गेलेली असते काहीही विचार न करता, सर्वात शेवटी.

हे सगळं कुठल्या क्रमाने करायचं त्यासाठी हा लेख आहे. क्युबिक स्प्लाइन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो: प्रत्येक तुकड्यावर एक तिघाती बहुपदी, आणि नोडवर किंमत, उतार आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह तिन्ही जुळलेले.

## १. डेटा आधी सरळ करा

नोड चढत्या क्रमात लावा. एकच x दोनदा आला असेल तर एक नोंद काढून टाका किंवा दोन्हींची सरासरी घ्या. तसं नाही केलं तर अंतर शून्य होतं आणि भागाकार अडकतो.

मग अंतरं खरोखर समान आहेत का ते बघा. कृष्णेच्या पाणीपातळीच्या नोंदी दर तीन तासांच्या आहेत असं तुम्ही धरता, आणि मध्येच पहाटे तीनची नोंद गायब असते. तिथे अंतर सहा तासांचं झालं. समान अंतराचं सोपं समीकरण त्या जागी लावलं की स्प्लाइन बिघडते, आणि वाईट भाग असा की ती दिसायला गुळगुळीतच राहते. म्हणून वेळेच्या रकान्यातले लागोपाठचे फरक एकदा छापून बघायचेच.

तिसरी गोष्ट म्हणजे नोंदीची अचूकता लिहून ठेवा. इंचापर्यंत वाचलेल्या पातळीत अर्ध्या इंचाची अनिश्चितता असतेच. याचा उपयोग शेवटच्या टप्प्यात होईल.

तपासा: नोड किती आहेत? नॉट-अ-नॉट अटीसाठी किमान चार लागतात.

## २. टोकाची अट आत्ताच ठरवा, शेवटी नको

n तुकडे असतील तर नोड n+1, आणि प्रत्येक नोडवरचा दुसरा डेरिव्हेटिव्ह अज्ञात. आतल्या नोडवरून समीकरणं मिळतात n−1. दोन कमी पडतात. ती दोन तुम्ही बाहेरून आणायची असतात, आणि तुमची एरर कशी घटणार हे त्याच दोन समीकरणांवर ठरतं. मी पुढच्या क्रमाने विचार करतो.

टोकाचा उतार खरोखर माहीत आहे का? सूत्रातून, भौतिक नियमातून, कुठूनही. असेल तर क्लॅम्प्ड. याच्याइतकी चांगली अट दुसरी नाही.

फलन आवर्ती आहे का, म्हणजे जिथे संपतं तिथूनच तसंच पुन्हा सुरू होतं का? मग पीरिऑडिक. पहिली आणि शेवटची y तंतोतंत सारखी हवी.

टोकाला दुसरा डेरिव्हेटिव्ह खरोखर शून्य आहे का? दोन आधारांवर नुसता टेकवलेला बीम असेल तर टोकाला वाकवणारा मोमेंट शून्य असतो, म्हणून वक्रताही शून्य. तिथे नॅचरल अगदी बरोबर आहे. इतरत्र नॅचरल घेणं म्हणजे एक खोटी माहिती समीकरणात भरणं.

यातलं काहीच माहीत नसेल तर नॉट-अ-नॉट. यात बाहेरची कुठलीच माहिती लागत नाही. पहिले दोन तुकडे मिळून एकच तिघाती आणि शेवटचे दोन मिळून एकच, एवढंच आपण सांगतो.

नॅचरल इतकी लोकप्रिय का, तर हाताने सोडवताना दोन अज्ञातं आपोआप शून्य होतात आणि परीक्षेत वेळ वाचतो. नावातही भुरळ आहे. पण परीक्षा संपल्यावर ती सवय सोडायला हवी.

थांबा: SciPy मधल्या `CubicSpline` ला `bc_type='clamped'` दिलं तर ते टोकाचा उतार *शून्य* धरतं. तुमचा उतार त्याला माहीत नसतो. तो स्वतः द्यावा लागतो:

```python
CubicSpline(x, y, bc_type=((1, a), (1, b)))
```

इथे a डावीकडचा उतार, b उजवीकडचा. काहीच दिलं नाही तर SciPy नॉट-अ-नॉट घेतं. MATLAB चं `spline` सुद्धा तेच करतं. तिथे y मध्ये x पेक्षा दोन किमती जास्त दिल्या तर पहिली आणि शेवटची किंमत टोकाचा उतार मानली जाते.

## ३. समीकरणं मांडा

नोड i वरच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला M_i म्हणू. अंतरं असमान असली तरी चालणारं समीकरण असं:

```
h[i-1]*M[i-1] + 2*(h[i-1]+h[i])*M[i] + h[i]*M[i+1]
    = 6*( (y[i+1]-y[i])/h[i] - (y[i]-y[i-1])/h[i-1] )
```

सगळी अंतरं h असतील तर ते इतकं सुटसुटीत होतं:

```
M[i-1] + 4*M[i] + M[i+1] = (6/h^2)*( y[i-1] - 2*y[i] + y[i+1] )
```

टोकाच्या अटी, समान अंतरासाठी, डाव्या टोकाला:

```
नॅचरल:       M[0] = 0
क्लॅम्प्ड:      2*M[0] + M[1] = (6/h)*( (y[1]-y[0])/h - a )
नॉट-अ-नॉट:   M[0] - 2*M[1] + M[2] = 0
```

उजवीकडे तसंच उलट, पण क्लॅम्प्डमध्ये कंसातलं चिन्ह बदलतं: तिथे b मधून शेवटचा भागाकार वजा करायचा. हे चिन्ह उलटं घालणारे खूप भेटतात. ओळखायचं असं: सरळ रेषेचा डेटा घ्या, तिचाच उतार a आणि b म्हणून द्या. सगळे M शून्य यायला हवेत. मग y = x² घ्या, टोकांचे तिचे खरे उतार द्या, सगळे M दोन यायला हवेत. दुसऱ्या चाचणीत चिन्हाची चूक लपत नाही.

## ४. एक उदाहरण हाताने

शून्य ते एक या पट्ट्यात e^x घेऊ, चार तुकडे, h = ०.२५. किमती अशा: १, १.२८४०२५, १.६४८७२१, २.११७०००, २.७१८२८२. या फलनाची सोय अशी की त्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह तेच फलन आहे, त्यामुळे M ची खरी उत्तरंही ह्याच किमती. पडताळा हाताशीच राहतो.

6/h² म्हणजे ९६. आतल्या तीन नोडसाठी उजव्या बाजू येतात ७.७४४३६, ९.९४३९६ आणि १२.७६८२९.

नॅचरल घेतली तर M₀ आणि M₄ शून्य. पहिल्या आणि तिसऱ्या समीकरणातून M₁ व M₃ हे M₂ च्या भाषेत लिहून मधल्यात घाला. M₂ = १.३७५९ मिळतो, त्यावरून M₁ = १.५९२१ आणि M₃ = २.८४८१.

आता खऱ्या किमतींशी ताडून बघा. M₃ खरा २.११७० हवा होता, आला २.८४८१, म्हणजे ०.७३ ने जास्त. M₂ मात्र ०.२७ ने कमी. M₁ पुन्हा ०.३१ ने जास्त. शेवटच्या नोडवर आपण २.७१८ ऐवजी शून्य घातलं, आणि तो खोटेपणा एक नोड आत येताना चिन्ह बदलून साधारण चौथाईवर आला: ०.७३ भागिले २.७१८ म्हणजे ०.२६९. डाव्या टोकाचा खोटेपणा एक इतकाच होता, तोही असाच आत शिरला आणि मधल्या नोडवर दोन्ही मिसळले.

हा ०.२६८ च्या आसपासचा आकडा योगायोग नाही. समीकरणातल्या १, ४, १ वरून r² + 4r + 1 = 0 येतं, आणि त्याचं लहान मूळ −२ + √३, म्हणजे −०.२६८. टोकाला काहीही चुकीचं घाला, ते दर नोडला उलट्या चिन्हाने ०.२६८ पट होत आत जातं. चार नोड आत गेल्यावर सुमारे १९४ वा हिस्सा उरतो.

आता तेच उदाहरण क्लॅम्प्डने, खरे उतार १ आणि २.७१८२८२ देऊन. पाच M येतात: ०.९९४५, १.२७७४, १.६४०२, २.१०५८, २.७०५०. पाचही खऱ्या किमतींपेक्षा जेमतेम अर्धा टक्का कमी. ह्या अर्ध्या टक्क्याचं कारण सहाव्या टप्प्यात.

शेवटच्या तुकड्याच्या मध्यावर, x = ०.८७५ ला, स्प्लाइनची किंमत काढायला हे सूत्र पुरतं:

```
S(मध्य) = (y[3]+y[4])/2 - (h^2/16)*(M[3]+M[4])
```

नॅचरल देते २.४०६५१६. क्लॅम्प्ड देते २.३९८८४९. खरी किंमत २.३९८८७५. डेटा तोच, नोड तेच, समीकरणंही तीच, आणि एररमध्ये जवळजवळ २९० पट फरक.

## ५. एरर योग्य जागी मोजा

नोडवर एरर मोजू नका. तिथे ती व्याख्येनेच शून्य असते. तरीही नोडवर मोजून «एरर दहाचा उणे सोळावा घात आली» असं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहिलेलं मी पाहिलं आहे. मोजायची ती तुकड्यांच्या आत, दाट जाळीवर:

```python
import numpy as np
from scipy.interpolate import CubicSpline

t = np.linspace(0, 1, 4001)
for n in (4, 8, 16, 32):
    x = np.linspace(0, 1, n + 1)
    s = CubicSpline(x, np.exp(x), bc_type='natural')
    print(n, np.abs(s(t) - np.exp(t)).max())
```

खालच्या तक्त्यात मी सोपं ठेवलंय: फक्त शेवटच्या तुकड्याच्या मध्यावरची एरर, दशलक्षांशात. वरचा कोड कमाल एरर देतो, त्यामुळे आकडे थोडे वेगळे दिसतील, घटण्याची चाल तीच.

| अंतर h | नॅचरल | नॉट-अ-नॉट | क्लॅम्प्ड, खरा उतार |
|---|---|---|---|
| ०.२५ | ७६४० | २०० | २६.४ |
| ०.१२५ | १९३९ | १५.० | १.६९ |
| ०.०६२५ | ४८६ | १.०० | ०.१०७ |

नॅचरलचा रकाना वरून खाली वाचा: ३.९४ पट, मग ३.९९ पट. ती चारावरच बसली आहे. क्लॅम्प्ड: १५.६, १५.८. नॉट-अ-नॉट: १३.३, मग १५.०, म्हणजे सोळाकडे निघाली आहे, थोडी मागून. टोकाशी तिची एरर क्लॅम्प्डपेक्षा सात ते नऊपट मोठी आहे, पण घटण्याचा वेग तोच. उतार माहीत नसताना याहून जास्त मागू नये.

थांबा: चाचणीसाठी sin x हे शून्य ते π या पट्ट्यात घेऊ नका. तिथे दोन्ही टोकांना दुसरा डेरिव्हेटिव्ह खरोखरच शून्य असतो, म्हणून नॅचरलसुद्धा झकास सोळापट घटते आणि तुम्ही फसता. पुष्कळ नोट्समध्ये नेमकं हेच उदाहरण असतं. त्यावर पास झालेला कोड पुढे खऱ्या डेटावर चारपटीवर आला की दोष डेटाला दिला जातो.

## ६. चौथा घात येतो कुठून

«तिघाती बहुपदी आहे, म्हणून पुढचा घात चौथा» हे उत्तर तोंडी परीक्षेत चालतं, पण अर्धंच आहे. प्रत्येक तुकड्याची तिघाती तुम्ही स्वतंत्रपणे निवडलेली नाही. ती सगळ्या नोडना एकत्र बांधणाऱ्या समीकरणांतून आली आहे, आणि ते M चुकीचे असतील तर तिघाती असूनही चौथा घात मिळणार नाही. वर नॅचरलने तेच दाखवलं. खरं कारण दोन पायऱ्यांत आहे, आणि प्रत्येक पायरी h² देते.

पहिली पायरी, M किती बरोबर आहेत. समान अंतराच्या समीकरणात M च्या जागी खरा f'' घालून बघा. टेलर विस्ताराने डावी बाजू येते 6f'' + h²f'''', आणि उजवी 6f'' + (h²/2)f''''. फरक (h²/2)f'''' चा. म्हणजे खरा f'' हे समीकरण अगदी तंतोतंत पाळत नाही, h² इतका चुकतो. त्याची भरपाई म्हणून M हे खऱ्या f'' पेक्षा साधारण (h²/12)f'''' ने कमी येतात. h = ०.२५ ला h²/12 म्हणजे ०.००५२. क्लॅम्प्डच्या पाचही M मध्ये दिसलेला अर्धा टक्का तो हाच.

ही चूक कुठे साचून फुगणार नाही याची हमी मधल्या ४ मुळे मिळते. चार हे शेजारच्या दोन एककांच्या बेरजेपेक्षा मोठे आहेत, म्हणून एका नोडवरची गडबड दूर जाताना विझत जाते. ०.२६८ चा आकडा त्याचीच दुसरी बाजू.

नोडच्या मधल्या भागात S'' ही सरळ रेषा असते आणि खरा f'' वाकलेला. त्या रेषेमुळे येणारी चूक जास्तीत जास्त (h²/8)f'''' ची. दोन्ही मिळूनही f'' आणि S'' मधला फरक h² च्याच आवाक्यात राहतो.

दुसरी पायरी, f'' वरून f कडे. एकाच तुकड्यावर बघा. e = f − S ही दोन्ही टोकांना शून्य आहे, कारण स्प्लाइन नोडमधून जाते. दोन्ही टोकांना बांधलेल्या फलनाचा दुसरा डेरिव्हेटिव्ह K पेक्षा मोठा नसेल, तर ते फलन (h²/8)·K च्या वर जाऊच शकत नाही. आणि K तर आधीच h² इतका लहान आहे. h² गुणिले h² म्हणजे h⁴.

नोडवरची चूक आणि तुकड्याच्या मध्यावरची चूक यांची चिन्हं उलट असल्याने काही भाग कटतो, आणि आतल्या तुकड्यांच्या मध्यावर प्रत्यक्ष एरर (h⁴/384)f'''' च्या जवळ येते. क्लॅम्प्डसाठी सिद्ध झालेली कमाल मर्यादा याच्या पाचपट आहे: (5/384)·h⁴ गुणिले f'''' ची कमाल किंमत. आपल्या उदाहरणात h = ०.२५ ला ती मर्यादा १३८ दशलक्षांश येते, प्रत्यक्षात निघाले २६. मर्यादेच्या आत आहे, पण तिला चिकटून नाही. दोन्ही आकड्यांची गल्लत करू नये. अंतरं असमान असतील तर मर्यादेतला h म्हणजे सर्वात मोठं अंतर.

आता नॅचरलचं दुखणं आपोआप उलगडतं. टोकाच्या M मधली चूक h² इतकी नाही, ती २.७१८ आहे आणि h कितीही लहान केला तरी २.७१८ च राहते. पहिल्या पायरीतला h² गेला, उरला फक्त दुसऱ्या पायरीतला. म्हणून चारपट. पण हे टोकालाच: चूक दर नोडला ०.२६८ पट होते, त्यामुळे सोळा तुकडे असताना पट्ट्याच्या मधोमध ती जवळजवळ पोचतच नाही आणि तिथे नॅचरलही चौथ्या घाताने घटते. आलेख मधोमध सुंदर आणि कडेला भुंडा दिसतो तो यामुळे.

## ७. गुणोत्तरावरून दोष ओळखा

अंतर निम्मं करा, जुनी कमाल एरर नव्याने भागा. निदान त्या भागाकारात आहे.

सोळाच्या जवळ: सगळं ठीक.

आठच्या जवळ: टोकाचा उतार तुम्ही तीन बिंदूंच्या सूत्राने काढला असणार.

चारच्या जवळ: नॅचरल आहे, किंवा उतार नुसत्या (y₁ − y₀)/h ने काढलाय.

दोनच्या जवळ: फलनात कोपरा आहे, त्याबद्दल पुढे, नाहीतर उतार साफ चुकीचा आहे. उतार चुकीचा असेल तर बहुधा SciPy चं `'clamped'`, शून्य उतारासह. e^x वर h = ०.२५ ला ही एरर सुमारे ०.११ येते, म्हणजे नॅचरलपेक्षाही चौदापट वाईट.

गुणोत्तर एकाच्या आसपास डगमगतंय: डेटातल्या आकड्यांच्या अचूकतेचा तळ लागलाय. त्याबद्दल पुढे.

आठ आणि चार का, तर क्लॅम्प्डच्या समीकरणात उतारातली चूक 6/h ने गुणली जाऊन M मध्ये शिरते, आणि मग दुसऱ्या पायरीत h² ने गुणली जाते. निव्वळ परिणाम, उतारातली चूक गुणिले h. म्हणजे एररला h⁴ हवा असेल तर उतारातली चूक h³ इतकी लहान हवी. दोन बिंदूंचं सूत्र h देतं, तीनचं h². चार बिंदूंचं हवं:

```
a = ( -11*y[0] + 18*y[1] - 9*y[2] + 2*y[3] ) / (6*h)
b = (  11*y[n] - 18*y[n-1] + 9*y[n-2] - 2*y[n-3] ) / (6*h)
```

ही फक्त समान अंतरासाठी. खरं सांगायचं तर उतार असा अंदाजानेच काढायचा असेल तर मी नॉट-अ-नॉट घेऊन मोकळा होतो. कष्ट कमी, घात तोच.

तपासा: गुणोत्तर एकदाच काढून निष्कर्ष काढू नका. निदान तीन वेळा निम्मं करा. नॉट-अ-नॉटचं पहिलं गुणोत्तर १३.३ होतं, तेवढ्यावर थांबला असता तर घात चारापेक्षा कमी वाटला असता.

## ८. आता हेच पुराच्या नोंदींवर

आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांची इशारा पातळी नेमकी किती वाजता ओलांडेल किंवा ओलांडली, हे तीन-तीन तासांच्या नोंदींवरून काढायचं, असा प्रोजेक्ट जवळपास दर पावसाळ्यात कुणीतरी घेतं. स्प्लाइनसाठी काम चांगलं आहे, पण वरची सगळी हमी f'''' अस्तित्वात आहे आणि नोंदी अचूक आहेत यावर उभी होती. नदी यातलं काहीच कबूल करत नाही.

आधी टोकं. टोकाला पाण्याचा वेग माहीत नसतो, आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य असायला काही कारण नाही. नॉट-अ-नॉट घ्या. त्याहून चांगला उपाय फुकटात मिळतो: तुम्हाला सकाळी ८ ते रात्री ८ हवं असेल तर आदल्या रात्रीच्या चार आणि नंतरच्या चार नोंदीही स्प्लाइनमध्ये घाला, आणि आलेख फक्त हव्या त्या वेळेचा काढा. टोकाला काहीही चुकलं तरी चार नोडनंतर त्याचा १९४ वा हिस्साच M मध्ये पोचतो. टोकाच्या अटीवर तासभर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

मग कोपरा. कोयनेचा विसर्ग वाढवला की ते पाणी कराडला कृष्णेत मिळून खाली सांगलीत येतं. समजा पातळी कित्येक तास स्थिर होती आणि मग तीन तासांना दोन फूट या चालीने चढायला लागली, आणि चढ नेमका एका नोंदीपाशी सुरू झाला. अशा कोपऱ्यावर स्प्लाइन काय करते ते काढता येतं. कोपऱ्यावरचा M, तीन तास हे एकक धरून, प्रत्येक फुटाच्या चढामागे १.७३२ येतो, शेजारचा −०.४६४. मध्यबिंदूच्या सूत्रात घाला: कोपऱ्याआधीच्या स्थिर तुकड्यात स्प्लाइन दर फुटामागे ०.०७९ फूट खाली जाते. दोन फुटांना ०.१६ फूट, सुमारे दोन इंच. पूर यायच्या आधी नदी दोन इंच उतरली असं तुमचा आलेख सांगतो. नदी उतरलेली नसते.

इथे नोंदी दाट केल्या तरी सोळापट मिळणार नाही. कोपऱ्याजवळची एरर फार तर निम्मी होते, कारण वाकण्याचा आकार तोच राहून फक्त आक्रसतो. उपाय म्हणजे कोपऱ्यापाशी डेटा तोडून दोन स्वतंत्र स्प्लाइन घ्या, दोन्हींना नॉट-अ-नॉट. कोपरा कुठे आहे हे ठाऊक नसेल तर `PchipInterpolator` वापरा. ते स्थिर भागात खाली जात नाही. त्याबदल्यात दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं सातत्य आणि चौथा घात दोन्ही सोडावे लागतात.

आणि शेवटी नोंदींची अचूकता, पहिल्या टप्प्यात लिहून ठेवलेली. प्रत्येक नोंद ε ने चुकू शकत असेल, तर आतल्या नोडवरच्या M मध्ये ती चूक जास्तीत जास्त 12ε/h² इतकी जाते. h खाली आहे. e^x च्या किमती चार दशांश स्थळांपर्यंत लिहिल्या असतील तर ε = ०.००००५, आणि h = ०.०१ ला ही मर्यादा ६ येते, जिथे खरा f'' स्वतः १ ते २.७ मध्ये आहे. नोंदी दाट करत गेलात तर S ठीक दिसेल पण S'' कचरा होईल. चार दशांशांच्या तक्त्याला क्लॅम्प्ड स्प्लाइनसाठी h = ०.२५ च पुरेसं आहे: तिची एरर २६ दशलक्षांश, आणि तक्त्याची स्वतःची गोलाई ५० दशलक्षांश.

आयर्विनच्या नोंदीत ε अर्धा इंच, म्हणजे ०.०४ फूट. पातळी तीन तासांना दोन फूट चढत असेल तर अर्धा इंच चढायला चार मिनिटंही लागत नाहीत. म्हणून ४० फूट ओलांडल्याची वेळ रिपोर्टमध्ये सेकंदांसकट लिहू नका. पाच मिनिटांच्या पटीत लिहा. चढ मंद असेल, समजा तीन तासांना तीन इंच, तर तोच अर्धा इंच अर्ध्या तासाचा होतो, आणि वेळही तेवढ्याच अदमासाने द्या.

कोडमधले नोड काही हजारांवर नेले की e^x सारख्या स्वच्छ फलनावरही गुणोत्तर सोळावरून घसरायला लागतं. तिथे संगणकाच्या सोळा अंकांचा तळ लागलेला असतो. त्या ओळी तक्त्यातून काढून टाका आणि घात त्याआधीच्या ओळींवरून काढा.